‘पुन्हा कानातले क्रिस्टल सरकलेत’: न थांबणाऱ्या चक्करेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ६२ वर्षांच्या बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रक्तदाब आणि मधुमेह अकरा वर्षांपासून, दोन्हींची औषधं नियमित चालू. दोन वर्षांपूर्वी त्यांना अंथरुणात कूस बदलताना गरगरायचं. तेव्हा उजव्या कानातले क्रिस्टल जागेवरून सरकल्याचं निदान झालं होतं. एप्ली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवल्यावर त्रास एकाच बैठकीत गेला होता, आणि पुन्हा झालं तर घरीच करता यावं म्हणून त्या हालचालींचा एक कागद हातात मिळाला होता.

या वेळी रात्री साडेदहाला त्या ठणठणीत झोपल्या. सकाळी सहाला जाग आली, उजव्या कुशीवर वळल्या आणि खोली फिरायला लागली. लागोपाठ तीन उलट्या झाल्या. घरात कुणालाच शंका आली नाही. जुनंच दुखणं परतलं असं सगळ्यांनी धरलं. मुलाने तो कागद शोधून काढला आणि दोनदा एप्ली करवून घेतली. काही फरक पडेना, उलट उलट्या वाढल्या, तेव्हा ९:४० ला त्यांना अत्यवस्थ विभागात आणलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा रक्तदाब १७६/९४, साखर २१२, नाडी ८४ आणि नियमित. बोलणं स्पष्ट, चेहरा सरळ, हातापायांत ताकद सारखी. झोपलेल्या अवस्थेत बोट नाकाला लावायची चाचणी ठीक. स्ट्रोकची तीव्रता मोजायच्या प्रमाणित तक्त्यात गुण शून्य. मग क्रिस्टल सरकलेत का ते पाहायची डिक्स-हॉलपाइक चाचणी उजव्या बाजूने केली. बाईंना जोरात गरगरलं, उलटी झाली. नोंद झाली, ‘डिक्स-हॉलपाइक उजवीकडे पॉझिटिव्ह’. लगेच एप्ली केली, उलट्या थांबवायला प्रोक्लोरपेराझिनचं इंजेक्शन दिलं, वयाकडे बघून डोक्याचा सीटी काढला. सीटी स्वच्छ आला. साडेअकराला गोळ्या लिहून घरी सोडायची तयारी सुरू झाली.

नर्स त्यांना उठवायला गेली. बाई पलंगाच्या कडेला बसल्या खऱ्या, पण कठडा सोडला की डावीकडे कलंडत होत्या. चालणं तर दूरच. नर्सने कागदावर सही घेण्याऐवजी वरिष्ठ डॉक्टरांना बोलावलं.

अडचण

नोंदींवरून पाहिलं तर सगळं क्रिस्टलच्या बाजूने जात होतं. जुना इतिहास होता, सुरुवात कुशीवर वळताना झाली होती, चाचणी ‘पॉझिटिव्ह’ होती, सीटी साफ होता आणि हातपाय चालत होते. विरोधात एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाईंना बसता येत नव्हतं.

हे एवढं का खटकलं ते कळायला क्रिस्टलचा आजार नेमका कसा चालतो ते पाहावं लागतं. अंतर्कर्णातल्या युट्रिकल नावाच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसवलेले असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, की डोकं हलल्यावर खाली घरंगळतात आणि जाताना नलिकेतलं द्रव ओढतात. मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. कण तळाला टेकले की ओढ संपते, म्हणून गरगरणंही संपतं, एरवी एका मिनिटाच्या आत. डोकं स्थिर असताना नलिकेत काहीही घडत नसतं. झटक्यांच्या मधल्या वेळात मळमळ राहते, थोडं तरंगल्यासारखं वाटतं, मानेवर ताण येतो. पण खोली फिरत राहत नाही, आणि आधाराशिवाय बसता येतं.

म्हणजे खरा प्रश्न ‘डोकं हलवल्यावर चक्कर वाढते का?’ हा नाहीच. कान, कानाची नस, लहान मेंदू, यांपैकी कशाहीमुळे चक्कर आलेली असली तरी डोकं हलवल्यावर ती वाढतेच. विचारायचं ते हे की डोकं न हलवता ती शून्यावर येते का. शून्यावरून सुरू होणं आणि आधीच चालू असलेलं वाढणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण रुग्णाच्या तोंडी दोन्हींसाठी वाक्य एकच असतं: ‘मान हलवली की गरगरतं.’

वरिष्ठ डॉक्टरांनी तेवढंच तपासलं. पाठीवर झोपवलं, डोकं उशीवर स्थिर ठेवलं, दोन मिनिटं थांबले आणि विचारलं, “आता डोळे मिटून अगदी निवांत पडलात, तरी फिरतंय का?”

“फिरतंच आहे हो. सकाळपासून थांबलंच नाही. हलले की जास्त होतं, एवढंच.”

या उत्तराने बाई क्रिस्टलच्या गटातून बाहेर पडल्या. तासन्‌तास सलग चालणारी चक्कर, मळमळ, तोल जाणं आणि डोळ्यांचे झटके या गटात दोनच मोठ्या शक्यता उरतात. एक म्हणजे कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेची सूज, म्हणजे व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. दुसरी, मेंदूच्या मागच्या भागातला स्ट्रोक.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय डाव्या बाजूने डिक्स-हॉलपाइक करून पाहण्याचा होता. कदाचित या वेळी कण दुसऱ्या कानात असतील. तो बाद केला. डोळ्यांचे झटके आधीच चालू असताना ही चाचणी केली तर ते कोणत्याही स्थितीत दिसतात आणि वाढतातही, त्यातून काही सिद्ध होत नाही. सकाळच्या ‘पॉझिटिव्ह’ नोंदीचं मूळ इथेच होतं.

दुसरा पर्याय, सीटी साफ आहे म्हणून गोळ्यांवर घरी पाठवायचं. सीटी रक्तस्राव चांगला दाखवतो. पण कवटीच्या मागच्या खोलगट भागात, जाड हाडांच्या मधोमध बसलेल्या लहान मेंदूतला आणि ब्रेनस्टेममधला, म्हणजे मेंदूच्या देठातला, नुकताच रक्तपुरवठा तुटलेला भाग त्यात बहुतेक वेळा दिसतच नाही. इथे साफ सीटीचा अर्थ ‘रक्तस्राव नाही’ एवढाच घ्यायचा.

तिसरा, नसेची सूज धरून दाखल करायचं, उलटी थांबवायची, एक-दोन दिवस बघायचं. हा मोहाचा पर्याय होता, कारण चित्र त्याच्यासारखंही दिसत होतं. चौथा, मागच्या भागातला स्ट्रोक धरून लगेच एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची तपासणी करायची. तिसरा की चौथा, हे ठरवायला पलंगाशेजारच्या चाचण्या आहेत. सगळ्या मिळून पाच मिनिटांत होतात.

काय केलं

आधी मानेबद्दल विचारलं: अलीकडे मार लागला का, मान मोडून घेतली का, नव्याने मान किंवा डोक्याची मागची बाजू दुखते का. मानेतल्या धमनीचा थर फाटल्याचा संशय असेल तर डोकं झटक्याने फिरवू नये. तसं काही नव्हतं. मग हिंट्स नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन चाचण्या घेतल्या. हेड इम्पल्स, डोळ्यांच्या झटक्यांची दिशा आणि झाकपाक चाचणी.

हेड इम्पल्स. ही चाचणी हाल्माग्यी आणि कर्थॉईस यांनी १९८८ मध्ये मांडली. बाईंचा चष्मा काढला. डॉक्टर समोर बसले, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि सांगितलं की काहीही झालं तरी माझ्या नाकाच्या शेंड्याकडेच बघायचं. डोकं थोडं बाजूला नेऊन तिथून झटकन मध्यावर आणलं. अंतर जेमतेम दहा ते वीस अंश, पण वेग जास्त आणि दिशा अनपेक्षित. असं बाजूकडून मध्याकडे आणलं तर मानेलाही कमी ताण पडतो. डावी-उजवी अदलाबदल करत प्रत्येक बाजूला तीन-चार वेळा केलं.

डोकं एका बाजूला फिरलं की कानाच्या इशाऱ्यावर डोळे तितकेच उलट बाजूला फिरतात, म्हणून नजर नाकावर टिकते. हा प्रतिक्षेप अंतर्कर्णातून नसेमार्गे ब्रेनस्टेमच्या एका केंद्रात आणि तिथून डोळ्यांच्या स्नायूंपर्यंत जातो. नस सुजली तर त्या बाजूच्या झटक्यात डोळे डोक्याबरोबरच वाहत जातात आणि मग एक ठळक उडी मारून नाकावर परततात. ती उडी दिसली की प्रतिक्षेप तुटलेला आहे. लहान मेंदू मात्र या वाटेच्या बाहेर आहे. तिथे स्ट्रोक झाला तर प्रतिक्षेप शाबूत राहतो आणि चाचणी ‘नॉर्मल’ येते.

बाईंची चाचणी दोन्ही बाजूंना नॉर्मल आली. सकाळपासून सलग गरगरणाऱ्या माणसात ही चिंतेची खूण आहे. दोष आढळला असता तर उलट जीव भांड्यात पडला असता. नवख्या माणसाला हा उलटा हिशेब पचायला वेळ लागतो, आणि घाईच्या वेळी ‘हेड इम्पल्स नॉर्मल’ असं लिहून पुढे जाणारे बरेच भेटतात.

चाचणीतच चुकायच्या जागाही आहेत. डोकं हळू फिरवलं तर डोळे इतर यंत्रणांच्या मदतीने वेळेत पोचतात आणि तुटलेला प्रतिक्षेपही शाबूत भासतो. दर वेळी दिशा ठरलेली असेल तर रुग्ण आधीच अंदाज बांधतो. नेमक्या क्षणी पापणी मिटली तर उडी निसटते. मोबाइलवर डोळ्यांचं स्लो मोशनमध्ये चित्रण केलं तर शंका बऱ्याच अंशी मिटते. इथेही तेच केलं.

झटक्यांची दिशा. निस्टॅगमसमध्ये डोळे एका बाजूला हळू सरकतात आणि दुसऱ्या बाजूला झटक्याने परततात. दिशा म्हणताना झटक्याची दिशा सांगायची. बाईंना समोर बघायला लावलं तर डावीकडे बारीक झटके होते. डावीकडे पाहिलं तेव्हा डावीकडेच, जरा मोठे. मग उजवीकडे, आणि इथे चित्र पालटलं: झटके उजवीकडे पडायला लागले. नसेच्या सुजेत असं होत नाही. तिथे झटक्यांची दिशा ठरलेली असते, त्या बाजूला पाहिलं तर वाढतात, विरुद्ध बाजूला पाहिलं तर कमी होतात, पण दिशा बदलत नाही. नजरेबरोबर दिशा बदलणं म्हणजे नजर एका जागी धरून ठेवणारी मेंदूतली यंत्रणाच बिघडली आहे.

ही चाचणी घेताना नजर साधारण तीस अंशांपर्यंतच न्यायची. डोळे पार कोपऱ्यात नेले तर निरोगी माणसातही दोन-तीन झटके दिसतात आणि नसता घोळ होतो.

झाकपाक. एक डोळा हाताने झाकायचा, मग हात पटकन दुसऱ्या डोळ्यावर न्यायचा आणि नुकता उघडा पडलेला डोळा वर किंवा खाली सरकून जागेवर येतो का ते पाहायचं. असं उभं सरकणं ब्रेनस्टेमच्या बिघाडाकडे बोट दाखवतं. बाईंमध्ये ते नव्हतं. त्याने निष्कर्ष बदलत नाही. तिन्हींपैकी एकही खूण मेंदूकडे बोट दाखवत असेल तर स्ट्रोक धरायचा. नसेची सूज म्हणायला तिन्ही उत्तरं तिच्या बाजूने हवीत.

सोबत दोन साध्या गोष्टी पाहिल्या. दोन्ही कानांजवळ बोटं चोळून ऐकू येणं तपासलं. ते सारखं होतं. हे तपासायचं कारण असं की अंतर्कर्णाला रक्त पुरवणारी बारीक धमनी बहुतेकांमध्ये लहान मेंदूच्या पुढच्या-खालच्या धमनीतूनच निघते. ती बंद झाली तर कानच निकामी होतो, हेड इम्पल्स बिघडते आणि स्ट्रोक हुबेहूब नसेच्या सुजेसारखा दिसतो. चक्करेसोबत एका कानाने नव्याने ऐकू येईनासं झालं, तर या सापळ्याचा विचार आधी करायचा. दुसरी गोष्ट, हात छातीवर बांधून आधाराशिवाय बसवलं. बाई काही सेकंदांत डावीकडे पडायला लागल्या. झोपवून हातापायांची तपासणी कितीही केली तरी धडाचा गेलेला तोल त्यात दिसत नाही. स्ट्रोकच्या प्रमाणित तक्त्यातही त्याला गुण नाहीत, म्हणून सकाळचा शून्य फसवा होता.

दुपारी दीडला एमआरआय झाला. लहान मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, मागच्या-खालच्या धमनीच्या क्षेत्रात ताजा इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून निकामी झालेला भाग, होता. अँजिओग्राफीत डावी व्हर्टिब्रल धमनी वरच्या टोकाशी बंद दिसली.

गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची नेहमीची मुदत साडेचार तासांची असते, आणि ती रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात, जाग आल्यापासून नाही. इथे ती वेळ रात्री साडेदहा. बाई दारात आल्या तेव्हाच अकरा तास उलटले होते, त्यामुळे त्या औषधाचा विचार मागे पडला. गिळण्याची चाचणी करून मगच अ‍ॅस्पिरिन सुरू केलं. रक्तदाब मुद्दाम खाली आणला नाही. १७६/९४ हा आकडा बघून गोळी द्यायचा हात शिवशिवतो, पण बंद धमनीच्या पलीकडचा भाग त्याच दाबावर तग धरून असतो.

एका निर्णयावर बरीच चर्चा झाली. हातापायांची कमजोरी नसलेल्या छोट्या स्ट्रोकमध्ये सुरुवातीचे काही आठवडे अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल देतात. इथे गुण शून्य होते, पण इन्फार्क्ट छोटा नव्हता. लहान मेंदू ज्या पोकळीत बसतो तिथे सुजेला जागा नसते. सूज वाढली तर चौथं निलय ही मेंदूतल्या पाण्याच्या वाटेवरची पोकळी दाबली जाते, ते पाणी अडतं, ब्रेनस्टेमवर दाब येतो, आणि मग तातडीने कवटीचा मागचा भाग उघडावा लागू शकतो. ती शक्यता असताना दोन औषधं नकोत, असं ठरवून पहिल्या आठवड्यात एकट्या अ‍ॅस्पिरिनवर ठेवलं. न्यूरोसर्जनना पहिल्याच दिवशी कल्पना दिली आणि दर तासाला शुद्धी तपासायची नोंद सुरू केली.

निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी दुपारी डोकं दुखायला लागलं आणि बाई पेंगायला लागल्या. लहान मेंदूतल्या इन्फार्क्टची सूज बहुधा याच सुमाराला कळसाला पोचते. पुन्हा सीटी केला. चौथं निलय एका बाजूने दबलेलं होतं, पण पाणी अडलेलं नव्हतं. सूज उतरवणारं औषध दिलं, अतिदक्षता विभागात दीड दिवस ठेवलं. शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. साडेअकराला घरी सोडलं असतं तर हीच पेंग ‘चक्करेच्या गोळ्यांमुळे गुंगी आली’ म्हणून खपून गेली असती.

अकराव्या दिवशी त्या वॉकर धरून घरी गेल्या. तीन महिन्यांनी आधाराशिवाय चालत होत्या; अंधारात आणि खाचखळग्यांच्या जागी मात्र कुणाचा तरी हात लागत होता.

पाचव्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. आता घरचे धास्तावलेले आणि तोंडी एकच शब्द, स्ट्रोक. या वेळी तोच प्रश्न विचारल्यावर उत्तर वेगळं आलं. निवांत पडलं की काहीच नाही. उजव्या कुशीवर वळलं की अर्धा मिनिट जोरात गरगरतं आणि आपोआप थांबतं. बसून, समोर, डावीकडे, उजवीकडे बघताना डोळे शांत. आधाराशिवाय बसणं व्यवस्थित. म्हणजे डिक्स-हॉलपाइकची आता खरी पाळी होती.

पलंगावर पाय लांब करून बसवलं, डोकं ४५ अंश उजवीकडे वळवलं, झटकन पाठीवर झोपवलं आणि डोकं पलंगाच्या कडेखाली साधारण २० अंश लोंबतं धरलं. डोळे उघडे ठेवायला सांगितले आणि वाट पाहिली. पहिले चार सेकंद काहीच नाही. मग डोळे कपाळाच्या दिशेने झटके मारायला लागले आणि सोबत डोळ्याचा वरचा भाग खालच्या, म्हणजे उजव्या कानाकडे पिळत होता. वेग चढला, उतरला, वीसेक सेकंदांत सगळं शांत. उठवून बसवल्यावर थोडा वेळ उलट दिशेने झटके आले. उजव्या मागच्या नलिकेतल्या क्रिस्टलचं हे पाठ्यपुस्तकी चित्र. झोपवल्याबरोबर लगेच सुरू होणारे, नुसते हनुवटीच्या दिशेने पडणारे किंवा मिनिटभराने न थांबणारे झटके दिसले असते, तर विचार पुन्हा मेंदूकडे वळवावा लागला असता.

त्या दिवशी एमआरआय काढला नाही. एप्ली केली: त्याच स्थितीत उजवीकडे वळलेलं लोंबतं डोकं, मग ९० अंश फिरवून डावीकडे, मग अंगासह डाव्या कुशीवर वळवून नाक जमिनीकडे, मग हनुवटी छातीशी ठेवून उठवणं. दर टप्प्याला झटके थांबेपर्यंत, किमान अर्धा मिनिट थांबायचं. पंधरा मिनिटांनी डिक्स-हॉलपाइक पुन्हा केली तेव्हा डोळे स्थिर होते. बाई घरी गेल्या.

काय वेगळं करता आलं असतं

सकाळी सगळ्यात आधी ‘स्थिर असताना शून्य का?’ हा प्रश्न हवा होता. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि पुढची कोणती चाचणी लागू होते ते तोच ठरवतो. हा क्रम चुकला की चाचण्या दोन्ही बाजूंनी फसवतात. सलग चक्करेच्या रुग्णात डिक्स-हॉलपाइक केली तर स्ट्रोकला क्रिस्टलचं नाव मिळतं, जे इथे घडलं. उलट, झटक्यांनीच येणाऱ्या आणि मधे पूर्ण थांबणाऱ्या चक्करेत हिंट्स केली तर हेड इम्पल्स नॉर्मल येते, कारण क्रिस्टलमध्ये नस निरोगीच असते. आणि निरोगी कानाचा पुरावा स्ट्रोकची खूण म्हणून वाचला जातो. पाचव्या महिन्यात कुणी हिंट्सपासून सुरुवात केली असती तर बाई पुन्हा एमआरआयच्या यंत्रात गेल्या असत्या. चक्कर चालू आणि डोळ्यांचे झटके दिसताहेत, अशाच रुग्णात हिंट्स वाचायची.

दुसरी गोष्ट नोंदीची. ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दात डोळे कुठल्या दिशेने हलले, किती सेकंदांनी सुरू झाले, किती वेळ टिकले आणि उठवल्यावर उलटले का, यांपैकी काहीच नव्हतं. ही चाचणी डोळ्यांची आहे. रुग्णाला गरगरलं, उलटी झाली, पण डोळे पाहिलेच नाहीत, तर चाचणी झालीच नाही असं धरावं.

घरी दोनदा आणि इथे एकदा एप्ली करूनही तसूभर फरक नव्हता, ही खूण हाताशी होती. एप्लीने पहिल्या फेरीत बरं न वाटणारे क्रिस्टलचे रुग्ण असतात, त्यामुळे एवढ्यावरून स्ट्रोक म्हणता येत नाही. पण अशा वेळी चौथ्यांदा डोकं फिरवण्यापेक्षा निदान पुन्हा तपासायला हवं.

इंजेक्शनही थोडं उशिरा दिलं असतं तर बरं झालं असतं. उलट्या थांबवणं गरजेचंच, पण प्रोक्लोरपेराझिनसारखं तोल-यंत्रणा दाबणारं औषध झटके मंद करतं आणि गुंगीही आणतं. डोळे, झाकपाक, बसणं हे सगळं आधी पाहून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. नाहीच थांबता आलं तर तोल-यंत्रणेला फारसा हात न लावणारं ऑनडान्सेट्रॉन बरं.

एमआरआयबद्दल एक सावधगिरी. हिंट्सचा सर्वाधिक उल्लेख होणारा अभ्यास २००९ चा. त्यात स्ट्रोकचा धोका असलेले, सलग चक्करेचे १०१ रुग्ण होते. तीन चाचण्यांची संवेदनशीलता, म्हणजे असलेला स्ट्रोक पकडण्याचं प्रमाण, १०० टक्के आणि विशिष्टता, म्हणजे स्ट्रोक नसताना ‘नाही’ म्हणण्याचं प्रमाण, ९६ टक्के निघाली, तर पहिल्या ४८ तासांतल्या एमआरआयने १२ टक्के स्ट्रोक चुकवले. त्यामुळे डोळे मेंदूकडे बोट दाखवत असताना पहिला एमआरआय साफ आला, तर रुग्णाला दाखल ठेवून काही दिवसांनी तो पुन्हा काढणं योग्य. मात्र त्या अभ्यासात डोळे तपासणारी माणसं याच कामात मुरलेली होती. क्वचित कधीतरी हेड इम्पल्स करणाऱ्या हातांकडून तसा भरवसा मिळत नाही. २०२३ च्या आपत्कालीन वैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांतही हिंट्स प्रशिक्षित डॉक्टरांनीच वापरावी असं म्हटलं आहे. ज्या विभागात तसा सराव असलेलं कुणी ड्यूटीवर नसतं, तिथे हेड इम्पल्सवर भिस्त ठेवण्यापेक्षा झटक्यांची दिशा पाहणं आणि हात बांधून बसवणं, या दोन गोष्टींवर जास्त विसंबावं. इथे नर्सला ते बसवूनच कळलं होतं.